उलट्या तव्यावरचा नान: आच किती, वेळ किती

घरी केलेला नान वातड झाला की बहुतेक जण पिठाला दोष देतात. पुढच्या वेळी दही वाढवतात, सोडा वाढवतात, पाण्याऐवजी दुधात मळतात आणि नान पुन्हा तसाच होतो. मीही दोनेक वर्षं हेच केलं. मग एका रविवारी घड्याळ समोर ठेवून भाजायला घेतलं, तेव्हा कळलं की माझा एकेक नान तव्यावर पाच-साडेपाच मिनिटं बसून असायचा. तेवढ्या वेळात त्यातलं पाणी उडून जातं, मग दही घातलेलं असो की दूध.

हॉटेलातल्या तंदूरची भिंत साधारण 400 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असते. तिथे चिकटवलेला नान एक-दीड मिनिटात निघतो. तेवढ्यात बाहेरून फोड येतात, डाग पडतात, पण आतला ओलावा बाहेर पडायला सवड मिळत नाही. घरी 400 अंश मिळणार नाहीत. पण जाड लोखंड नीट तापवून घेतलं तर दोन-सव्वादोन मिनिटांत नान काढता येतो, आणि मऊ राहायला तेवढं पुरतं. खालची सगळी खटपट त्या दोन मिनिटांसाठी आहे.

फोड येतात कुठून

फुगलेल्या मैद्यात यीस्टने केलेल्या हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. गोळा लाटून तापलेल्या लोखंडावर पडला की खालचा थर काही सेकंदांत घट्ट होतो. त्याच्या वरच्या पाण्याची वाफ होते, ती त्या कप्प्यांत शिरते आणि ते वर उचलले जातात. उचललेल्या कप्प्यावरचं कातडं पातळ असतं, म्हणून ते आधी सुकतं. तवा उलटा करून आचेवर धरला की हेच फोड ज्वाळेच्या सर्वांत जवळ येतात. सुकलेले आणि जवळ आलेले, म्हणून ते काळे होतात, आणि मधली सपाट, ओलसर जागा मात्र पांढरट राहते. नानाची ती ठिपक्याठिपक्यांची पाठ अशी तयार होते.

ओलं पीठ 100 अंशांच्या वर जात नाही. पाणी आहे तोवर उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. पृष्ठभाग सुकला की मग तापमान चढतं, आणि 140-150 अंशांच्या पुढे तांबूस रंग धरायला लागतो. तवा थंड असला तर हे सगळं रेंगाळतं. फोड उचलले जाण्याआधीच वरचा भाग एकसारखा सुकतो, त्याची साय धरल्यासारखी कातडी होते आणि आतली वाफ ती उचलू शकत नाही. असा नान आचेवर धरला की सगळीकडून सारखाच बदामी होतो, बिस्किटासारखा. फोड नाहीत आणि रंग एकसारखा, असं दिसलं की तवा कमी तापला होता असं खुशाल समजावं.

कुठला तवा

साधा लोखंडी तवा, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा, लांब दांड्याचा. पोळीसाठी वापरतो तोच चालतो. किंचित खोलगट असला तरी हरकत नाही. दांडा पक्का आहे ना हे मात्र आधी हलवून पाहायचं, कारण तवा नानासकट उलटा हातात धरायचा आहे. बिडाचा तवा उष्णता छान धरतो, पण अडीच-तीन किलोचं वजन एका हाताने उलटं धरून फिरवणं सगळ्यांना झेपत नाही, आणि त्याचा आखूड कानही तापतो. तो ओव्हनमध्ये जास्त कामाचा.

नॉनस्टिक तवा घ्यायचा नाही, यात तडजोड नाही. एक तर त्याचा लेप 260 अंशांच्या आसपास बिघडायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोचतो. दुसरं म्हणजे आपल्याला नान चिकटायलाच हवा आहे. न चिकटणाऱ्या तव्यावरून तो उलटं करताक्षणी बर्नरवर पडेल. माझा पहिला असाच पडला होता. बर्नर विझला, नान जाळीत अडकला आणि गॅस तसाच सुरू. ते निस्तरताना घरात वास पसरला तेव्हा कुठे बटण बंद करायचं सुचलं. नान पडलाच तर पहिलं काम गॅसचं बटण बंद करणं, नान नंतर उचलायचा.

ज्या तव्यावर रोज तेल सोडून पराठे किंवा घावन होतात, तो तेल पिऊन गुळगुळीत झालेला असतो. त्यावरही नान टिकत नाही. अशा तव्याला आधी साबणाने घासून, मग चमचाभर मिठाचं पाणी शिंपडून ते तव्यावरच आटवायचं आणि फडक्याने पुसून काढायचं. पृष्ठभाग पुन्हा जरा खरखरीत होतो. नानासाठी वेगळा जुना तवा ठेवता आला तर उत्तम. माझा तर पोळीतून निवृत्त झालेला आहे.

एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. उलटा तवा म्हणजे रुमालीसाठी ठेवतात तसा पाठ वर करून शेगडीवर पालथा घातलेला तवा किंवा कढई नव्हे. तिथे रोटी पातळ असते, एका बाजूची उष्णता तिला आरपार पुरते. नान जाड असतो. त्याला खालून लोखंड आणि वरून ज्वाळा, दोन्ही लागतात. म्हणून तवा आधी सरळ, आणि नान चिकटल्यावर उलटा.

पीठ, थोडक्यात

सहा नानांसाठी: 300 ग्रॅम मैदा, 90 ग्रॅम दही (सहा मोठे चमचे), साधारण 115 मिली कोमट पाणी, एक मोठा चमचा तेल, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा मीठ आणि एक सपाट छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. दही पातळ असेल तर पाणी थोडं हात राखून घालायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. मळून झाल्यावर बोटाला किंचित चिकटेल, पण परात सोडेल इतपत. आठ-दहा मिनिटं मळायचं, तेलाचा हात लावून झाकून ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यात तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात.

साखर एका चमच्याच्या वर नेऊ नका. रंग लवकर येतो खरा, पण आतून शिजायच्या आतच येतो. दह्यात दुधाची साखर असतेच, तीही रंगाला हातभार लावते.

फुगलेल्या पिठाचे सहा गोळे करायचे, प्रत्येकी साधारण 88 ग्रॅम. गोळे वळून झाले की ओल्या फडक्याखाली पंधरा-वीस मिनिटं पुन्हा निवांत ठेवायचे. हा टप्पा गाळला तर लाटलेला नान आखडतो, जाड होतो आणि मग भाजायला वेळ लागतो. म्हणजे फिरून आपण पहिल्याच दुखण्यावर आलो.

लाटताना अंदाजे 20 सेंटिमीटर लांब आणि 13 सेंटिमीटर रुंद असा लांबोळा आकार द्यायचा. 88 ग्रॅमचा गोळा एवढा लाटला की जाडी चार मिलिमीटरच्या आसपास येते, आणि घरच्या आचेला तीच जमते. तीनच्या खाली गेलात तर पापडासारखा कुरकुरीत होतो. सहाच्या वर गेलात तर बाहेर डाग पडले तरी मधे कच्चा लागतो. लाटणं कडांवरून जोरात फिरवायचं नाही, नाहीतर कडा पातळ होऊन आधी करपतात. पिठी कमीत कमी लावायची आणि तव्यावर टाकण्याआधी दोन्ही तळव्यांत नान झेलून झटकून टाकायची. सुटी राहिलेली पिठी तव्यावर जळते, धूर होतो आणि दुसऱ्या नानाला कडवट वास लागतो.

तवा तापला हे कसं ओळखायचं

तवा मोठ्या बर्नरवर मध्यम ते मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं ठेवायचा. पोळीसाठी आपण मिनिट-दोन मिनिटांत सुरुवात करतो, तेवढं इथे चालत नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवलं तरी शेगडी-शेगडीत फरक असतो, म्हणून दोन परीक्षा करून पाहायच्या.

पहिली पाण्याची. ओल्या बोटांनी थेंब झटकायचे. थेंब जागच्या जागी चर्र करून आटला तर तवा अजून कमी आहे. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी पळायला लागली की तवा साधारण 200 अंशांच्या पुढे गेला. गरम लोखंडाच्या लगतच्या वाफेच्या पातळ थरावर थेंब तरंगतो, म्हणून तो पळतो.

पण या परीक्षेला एक मर्यादा आहे. थेंब 220 अंशांना पळतो आणि 350 लाही पळतो. तवा पुरेसा तापला हे ती सांगते, फार तापला हे सांगत नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा: चिमूटभर मैदा तव्याच्या मधोमध टाकायचा आणि मनात आकडे मोजायचे. आठ-दहापर्यंत तो तांबूस झाला तर तवा बरोबर. तीन-चारातच काळा होऊन धूर निघाला तर आच बारीक करून मिनिटभर थांबायचं. पंधरापर्यंत मोजूनही पांढराच राहिला तर अजून तापवायचा. चिमूट नंतर कोरड्या फडक्याने पुसून टाकायची.

कडेची आणि मधली उष्णता सारखी नसते, हेही या निमित्ताने दिसतं. लहान बर्नरवर मधला भाग जळतो आणि कड थंड राहते. मैद्याची एक चिमूट मधे आणि एक कडेला टाकून पाहा. फार फरक असेल तर तापवताना तवा दर मिनिटाला थोडा सरकवत राहायचा.

लावणं आणि उलटणं

कलौंजी किंवा कोथिंबीर घालायची असेल तर ती लाटलेल्या नानाच्या वरच्या बाजूवर पसरून लाटण्याने एकदा हलकं दाबायचं. मग नान पोळपाटावर पालथा करायचा आणि आता वर आलेल्या बाजूला पाणी लावायचं. तळवा पाण्यात बुडवून दोनदा फिरवला की पुरतं. पृष्ठभाग चमकला पाहिजे, पण त्यावर पाणी साचता कामा नये. हे पाणीच आपला गोंद आहे. तव्याला टेकताच ओल्या मैद्याची खळ होते आणि ती क्षणात सुकून नानाला लोखंडाशी धरून ठेवते. पाणी कमी पडलं तर खळ होत नाही. जास्त झालं तर तवा गार होतो, खाली कोंडलेली वाफ नानाला उचलते आणि तो सुटतो.

ओली बाजू खाली येईल असा नान तव्यावर टाकायचा आणि बोटांनी, किंवा चटके नको असतील तर ओल्या फडक्याच्या गुंडाळीने, कडा दाबून घ्यायच्या. मधे दाबायचं नाही, तिथे फोड यायचे आहेत. इथून घड्याळ सुरू.

पंधराव्या-विसाव्या सेकंदाला पहिले फुगे दिसतात. चाळीस ते पन्नास सेकंदांपर्यंत सगळ्या अंगावर लहानमोठे उंचवटे येतात आणि वरच्या पिठाची चमक जाऊन ते कोरडं, चुन्यासारखं दिसायला लागतं. चमक गेली की उलटायचं. चमक असताना उलटलं तर वरचा भाग अजून कच्चा असतो, आच त्याला सुकवण्यातच वेळ घालवते, आणि तेवढ्यात खालचा भाग तव्यावर करपतो. उलटपक्षी, चमक जाऊनही अर्धं मिनिट रेंगाळलात तर वर कातडी धरते.

आता आच मोठी करायची. दांडा घट्ट धरून तवा वर उचलायचा, उलटा करायचा आणि ज्वाळेच्या वर चार बोटं अंतरावर धरायचा. शेगडीच्या जाळीवर पालथा टेकवून ठेवायचा नाही, कारण मग ज्वाळा कोंडते, पिवळी होते आणि नानावर काजळी धरते. तवा गोल फिरवत राहायचं, आधी कडा, मग मधला भाग. दर दहा सेकंदांनी तवा तिरका करून खाली डोकावायचं. वीस सेकंदांत फोडांची टोकं तांबूस होतात, तिसाव्या ते चाळिसाव्या सेकंदाला काळी. करपलेला आणि खरपूस यांच्यात इथे फार तर आठ-दहा सेकंदांचं अंतर असतं, म्हणून या वेळात फोन घ्यायचा नाही की कुणाला भाजी ढवळायला सांगायला मान वळवायची नाही.

तवा सरळ करून शेगडीवर ठेवायचा आणि पातळ उलथणं कडेने सारून नान सोडवायचा. खालची बाजू नीट भाजली असेल तर तो सहज सुटतो, खाली सोनेरी आणि कुरकुरीत लागतो. उलथण्याला धरून ओढावं लागलं तर खाली अजून कच्चा आहे. दहा-पंधरा सेकंद तव्यावरच राहू द्यायचा, आपला आपण सुटतो.

लोणी किंवा तूप नंतरच. आचेवर धरण्याआधी लावलं तर ते गळून ज्वाळेवर पडतं आणि भडका उडतो. लसणाचंही तेच. बारीक चिरलेला लसूण थेट ज्वाळेत तीस सेकंदांत कडू होतो. मी लसूण लोण्यात वेगळा, मंद परतते आणि तयार नानावर सोडते. हॉटेलसारखा वरून चिकटलेला दिसत नाही, पण चवीला बरा लागतो.

एका संध्याकाळचे सहा नान

आकडे हवेत राहू नयेत म्हणून गेल्या महिन्यात एकदा सगळं लिहून ठेवलं. तवा सहा मिनिटं तापवला, थेंब पळत होता, मैद्याची चिमूट नऊ मोजेपर्यंत तांबूस झाली. पहिला नान: तव्यावर 55 सेकंद, आचेवर 40, सोडवायला आणखी 15. एक मिनिट पन्नास सेकंद. फोड मध्यम, नान मऊ.

दुसरा जवळजवळ तसाच. तिसऱ्याला मात्र खाली काळा गोल डाग पडला आणि वर फोड कमी. कारण नंतर लक्षात आलं. आच उलटताना मोठी केली होती, ती तशीच राहिली, आणि दुसरा सोडवून तिसरा लाटेपर्यंत रिकामा तवा त्या मोठ्या आचेवर तीन मिनिटं बसला. तेव्हा चिमूट टाकली असती तर ती तीन मोजायच्या आत काळी झाली असती. अशा तव्यावर खालचा थर इतक्या झटकन जळतो की वरचं पीठ सुकायच्या आत नान उचलावा लागतो.

चौथ्याआधी आच बारीक करून तवा कोरड्या जाड फडक्याने पुसला आणि एक मिनिट थांबले. 45 सेकंद आणि 35 सेकंद. सहांतला हा सगळ्यांत चांगला निघाला. तवा आतपर्यंत मुरून तापलेला असतो तेव्हा वेळ असा थोडा कमी लागतो. पाचवा उलटताना एका बाजूने सुटून लोंबकळला. पोळपाटावरची पिठी त्या बाजूला झटकायची राहिली होती, आणि कोरड्या पिठावर पाणी लागलं की चिखल होतो, गोंद होत नाही. उलथण्याने टेकू देऊन कसाबसा भाजला. सहावा व्यवस्थित.

त्या दिवसापासून मी नान सोडवण्याआधी आच मध्यम करते आणि पुढचा नान आधीच लाटून, पाणी न लावता, ओट्यावर तयार ठेवते. पाणी मात्र शेवटच्या क्षणी. पाणी लावून ठेवलेला नान पोळपाटालाच चिकटतो.

गॅस नसेल तर: ओव्हनमधला ट्रे

माझी भाची म्युनिकला असते. तिने फोन केला, "मावशी, माझ्याकडे काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे. तवा उलटा करून धरू कशावर?" इंडक्शनवरही हीच अडचण आहे: तवा उचलला की उष्णता बंद. तिथे वरची आच ओव्हनच्या ग्रिलकडून घ्यावी लागते आणि तव्याचं काम ट्रेने करायचं.

ट्रे जाड हवा. ओव्हनबरोबर मिळणारा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे पटकन तापतो, पण थंड नान पडला की तितक्याच पटकन गार होतो. त्याच्यात उष्णतेचा साठाच नसतो. त्यापेक्षा बिडाचा तवा, दांडा नसलेला लोखंडी तवा किंवा पिझ्झाचा दगड ठेवावा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचं काहीही आत घालायचं नाही. कडा असलेला ट्रे वापरत असाल तर तो पालथा ठेवा. पालथ्या ट्रेवर नान सरकवता येतो आणि हात कडेला भाजत नाही. खोलगट तवाही पालथा ठेवला तर नान ग्रिलच्या जवळ येतो. कडा जरा खाली झुकतात, एवढंच.

जाळी वरून दुसऱ्या खाचेत, म्हणजे वरच्या सळईपासून दहा-बारा सेंटिमीटरवर. ओव्हन पूर्ण, बहुतेक वेळा 250 अंशांवर, दोन्ही सळया चालू. आणि आता धीर धरायचा: किमान अर्धा तास. ओव्हनचा दिवा दहा मिनिटांत विझतो आणि सगळे इथेच फसतात. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, लोखंड तापायला अजून वेळ आहे.

दुसरी गोम सळईची. आत 250 अंश झाले की थर्मोस्टॅट सळया बंद करतो. नेमक्या त्याच वेळी नान आत घातला तर वरून ज्वाळेसारखी उष्णता मिळत नाही, नुसती गरम हवा मिळते, आणि फोडांना डाग पडत नाहीत. म्हणून नान घालण्याआधी ओव्हन वरच्या सळईवर म्हणजे ग्रिलवर करायचा, दार काही सेकंद उघडून थोडी हवा जाऊ द्यायची. सळई लालबुंद झाली की नान ट्रेवर टाकायचा आणि दार लगेच लावायचं. इथे नान उलटा होणार नाही, त्यामुळे खाली पाणी लावायची गरज नाही. वर मात्र ओला हात एकदा फिरवावा, फोड येईपर्यंत पृष्ठभाग लवचिक राहतो.

दीड मिनिटात फुगे दिसतात, अडीच-तीन मिनिटांत डाग पडू लागतात. चार मिनिटांच्या आत काढायचा. चार मिनिटं झाली आणि डाग आलेच नाहीत तरीसुद्धा काढायचाच, कारण पाचव्या मिनिटाला डाग मिळतील, पण नान वातड होईल. पुढच्यासाठी जाळी एक खाच वर घ्यायची. एका वेळी एकच नान, आणि दोन नानांच्या मधे ट्रेला तीन-चार मिनिटं परत तापू द्यायचं. भाचीला पहिल्या खेपेला फोड छान आले, पण सुट्या पिठीचा धूर होऊन घरातला धुराचा अलार्म वाजला. मग तिने पिठी झटकायचं मनावर घेतलं.

ज्यांच्या मायक्रोवेव्हचं कन्व्हेक्शन 200 अंशांवरच थांबतं आणि ग्रिल नाजूक असतं, त्यांनी त्यात फोडांची आशा धरू नये. त्याऐवजी साध्या गॅसवर दोन टप्प्यांत करावं: तापलेल्या तव्यावर झाकण ठेवून दीड मिनिट, मग चिमट्याने उचलून वरची बाजू थेट ज्वाळेवर, फुलका फुगवतो तसा, दहा-बारा सेकंद. उलट्या तव्याइतके एकसारखे डाग येत नाहीत. पण ज्यांना वजनदार तवा उलटा धरणं जमत नाही, मनगट दुखतं, त्यांच्यासाठी हाच रस्ता मला पटतो.

भाजलेले नान ताटात उघडे ठेवू नका आणि स्टीलच्या डब्यात गरम गरम बंदही करू नका. उघडे ठेवले तर दहा मिनिटांत कडा कडक होतात, डब्यात कोंडले तर झाकणाचं पाणी गळून फोड भिजतात. सुती पंचा दुमडून त्यात एकावर एक ठेवायचे, पंचा वाफ पितो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या नानावर पाण्याचा हात फिरवून, चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद. त्याहून जास्त नाही.